तेच सहा भाव

"एसआयपी म्हणजे आरडीच, फक्त जास्त मिळतं." सांगलीच्या एका म्युच्युअल फंड वितरकानं मला पाठवलेल्या मसुद्याचं हे पहिलं वाक्य. त्याला दीड मिनिटाचा व्हिडिओ हवा होता. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरेल, दुकानातल्या टीव्हीवर लागेल आणि आईवडिलांच्या वयाच्या माणसांनाही समजेल, असा. मी पटकथा लिहितो. जाहिरातींच्या, माहितीपटांच्या, कधी पाणी वाचवा, कधी दात घासा. पैशांचं काम पहिल्यांदाच आलं होतं आणि मसुदा बरा होता म्हणून दोन दिवसांत उरकेल असं वाटलं. तीन आठवडे लागले. त्यातला बराचसा वेळ या पहिल्या वाक्यात गेला.

वाक्य वाईट नाही. ऐकणाऱ्याला लगेच कळतं. आपल्याकडे दर महिन्याला ठरावीक रक्कम बाजूला टाकायची सवय जुनी आहे. पोस्टाची आरडी, पतसंस्थेचा एजंट दुकानात येऊन गोळा करतो ती पिग्मी, बायकांची भिशी, विम्याचा हप्ता. एसआयपीत बाहेरून दिसतं ते नेमकं हेच. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला बँकेतून ठरलेले पैसे आपोआप जातात. लोक त्याला हप्ताच म्हणतात. पण आरडी उघडताना पासबुकावर मुदतीनंतर किती मिळणार ते लिहून मिळतं आणि मुदत संपली की तेवढे मिळतात. भिशीत आपला नंबर कधी लागणार हे ठाऊक नसलं तरी रक्कम किती हे माहीत असतं. 'हप्ता' या शब्दाला शेवटी मिळणाऱ्या ठरलेल्या रकमेचा वास येतो. एसआयपीत शेवटची रक्कम कुणीही लिहून देत नाही, कारण ती कुणालाच ठाऊक नसते. म्हणजे "आरडीच, फक्त जास्त" या तीन शब्दांत पैसे भरायच्या पद्धतीचं साम्य सांगून पैसे परत मिळण्याची खात्रीही हळूच खिशात घातलेली होती. वितरकाला फसवायचं नव्हतं. त्याला सोपं करून सांगायचं होतं. या कामात सोपं करतानाच सगळ्यात जास्त घसरायला होतं.

मग मी त्यालाच विचारलं, एसआयपीवर किती टक्के मिळतात? तो हसला. हा प्रश्न त्याला रोज दहा जण विचारतात आणि रोज तो सांगतो की एसआयपी ही वस्तू नाही, घ्यायची पद्धत आहे. वस्तू म्हणजे फंड. शेअरमध्ये पैसा लावणारा, कर्जरोख्यांमध्ये लावणारा, सोन्यातला, मिश्र. जोखीम त्या वस्तूची असते. प्रत्येक योजनेवर गाडीच्या काट्यासारखं एक चित्र असतं, त्याला रिस्कोमीटर म्हणतात. त्याचे सहा टप्पे असतात, अगदी कमीपासून अतिशय जास्तपर्यंत. शेअरच्या बहुतेक योजनांचा काटा शेवटच्या टप्प्यात असतो. थोडे थोडे पैसे घातले म्हणून तो काटा मागे येत नाही. व्हिडिओत हे सांगायला आठ सेकंद पुरतात आणि तेवढीच द्यावीत असं माझं मत. बाकी वेळ भावाला हवा.

कारण एसआयपी समजते ती भावातून. फंडात पैसे टाकले की आपल्याला युनिटं मिळतात. एका युनिटचा भाव म्हणजे एनएव्ही. फंडाकडे असलेल्या सगळ्या शेअर-रोख्यांची त्या दिवशीची किंमत घ्यायची, खर्च वजा करायचा आणि एकूण युनिटांनी भागायचं. हा आकडा बाजाराच्या प्रत्येक कामाच्या दिवशी बदलतो. रक्कम ठरलेली असल्यामुळे भाव उतरला की जास्त युनिटं येतात आणि भाव चढला की कमी. मंडईत दर आठवड्याला दोन किलो कांदे घेणारा माणूस आणि दर आठवड्याला शंभर रुपयांचे कांदे घेणारा माणूस यांत हाच फरक आहे. शंभर रुपयेवाला स्वस्ताईत आपोआप जास्त भरतो आणि महागाईत आपोआप हात आखडतो. वर्षाच्या शेवटी त्याला किलोमागे पडलेला सरासरी भाव दोन किलोवाल्यापेक्षा थोडा कमीच असतो. कांद्याचं उदाहरण मी पटकथेत घेतलं होतं आणि पुढे काढून टाकलं. कांदे खायला घेतात, विकायला नाही. आणि एसआयपीची खरी गोष्ट विकायच्या दिवशी घडते.

पहिल्या खर्ड्यात मी ब्लाउज शिवणाऱ्या एका ताईंची गोष्ट केली. त्या दर महिन्याच्या ५ तारखेला एक हजार रुपये टाकतात. सहा महिन्यांचे भाव मी असे धरले : २०, १६, १२.५०, १०, १२.५० आणि पुन्हा १६. भागाकार सोपा जावा म्हणून हे आकडे मुद्दाम निवडले. २० च्या भावानं ५० युनिटं, १६ ला साडेबासष्ट, १२.५० ला ८०, १० ला १००, मग पुन्हा ८० आणि साडेबासष्ट. बेरीज ४३५. भरलेले पैसे ६,०००. सहाव्या महिन्याच्या १६ रुपये भावानं ४३५ युनिटांचे होतात ६,९६०. म्हणजे भाव २० वरून १६ वर उतरला आणि तरीही ताईंना ९६० रुपये फायदा. हेच ६,००० पहिल्याच दिवशी एकरकमी टाकले असते तर ३०० युनिटं मिळाली असती, त्यांचे ४,८०० झाले असते आणि १,२०० चा तोटा.

मला हे जमलं असं वाटलं. वितरकाला तर फारच आवडलं. भाव पडला तरी फायदा, हे एका फटक्यात दिसत होतं. त्यानं त्याच दिवशी ते आवाजासकट करून द्यायला सांगितलं असतं, पण त्याच्या कार्यालयात त्या वेळी एक निवृत्त गणित शिक्षिका बसल्या होत्या, त्याच्याच ग्राहक. त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा वर केला आणि विचारलं, "आणि आधी चढून मग उतरला तर?"

तिथंच कागदावर आम्ही तेच सहा भाव उलटे मांडले. १०, १२.५०, १६, २०, १६, १२.५०. एकही आकडा नवा नाही, फक्त क्रम बदलला. युनिटं पुन्हा ४३५ च. भरलेले ६,००० च. एका युनिटला पडलेला सरासरी भावही तोच, १३ रुपये ७९ पैसे. पण शेवटचा भाव १२.५०, म्हणून हातात ५,४३७ रुपये ५० पैसे. सुरुवातीच्या भावापेक्षा शेवटचा भाव पंचवीस टक्क्यांनी वर आणि ताईंना ५६२ रुपये ५० पैशांचा तोटा. इथं एकरकमी टाकणारा जिंकला असता. १० च्या भावानं ६०० युनिटं, त्यांचे ७,५००.

बाई म्हणाल्या, "मग तुमच्या व्हिडिओत अर्धीच बेरीज आहे."

त्या वाक्यानं पटकथेचं रूप बदललं. मला तोवर एसआयपी म्हणजे सरासरीची जादू वाटत होती. सरासरी खरी आहे, पण ती खरेदीची सरासरी आहे. भाव खालीवर होत असताना ती आपल्याला मध्यम भावात माल मिळवून देते, वर चढायच्या आत सगळे पैसे गमावू देत नाही आणि शिखरावर सगळे ओतू देत नाही. विकताना मात्र सरासरी नसते. विकायच्या दिवशी एकच भाव असतो, त्या दिवसाचा. एसआयपी करणाऱ्या माणसाचा नफातोटा त्या एका भावावर आणि मधल्या १३.७९ वर ठरतो. बाजारात वर्षानुवर्षं राहणाऱ्याला हे ठाऊक असतं. व्हिडिओ बघून उद्या फॉर्म भरणाऱ्याला ते कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून आम्ही ठरवलं की दीड मिनिटात दोन्ही क्रम दाखवायचे. वितरक आधी नाखूश होता. त्याचं म्हणणं असं की तोटा दाखवला तर लोक पळतील. मग त्यानंच एक आठवण सांगितली. २०२० च्या मार्चमध्ये त्याच्या ग्राहकांपैकी कोण पळाले आणि कोण टिकले, त्याची. पळाले ते बहुतेक "कधीच तोटा होत नाही" असं ऐकून आलेले होते.

२०२० चे आकडे इथे कामाचे आहेत. १४ जानेवारीला सेन्सेक्स ४१,९५२ वर बंद झाला होता आणि २३ मार्चला २५,९८१ वर. सव्वादोन महिन्यांत सुमारे ३८ टक्के घसरण, त्यातली तेरा टक्क्यांची एकट्या त्या शेवटच्या दिवशी. माझ्या गोष्टीत भाव तीन महिन्यांत निम्मा होतो, ते चित्र थोडं भडक आहे, पण बाजाराच्या बाहेरचं नाही. पडद्यावर 'काल्पनिक उदाहरण' हे शब्द त्यासाठी कायम ठेवले, एका कोपऱ्यात आणि वाचता येतील एवढ्या अक्षरात.

आता खरं उदाहरण घ्यायचं झालं तर २०२० मोहक आहे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये सेन्सेक्स ४२,००० च्या वर गेला. पडला, उठला, आठ महिन्यांत सगळं भरून आलं. दीड मिनिटाच्या व्हिडिओला याहून सोयीची गोष्ट सापडणार नाही, आणि नेमका म्हणूनच मी ती घेतली नाही. कारण २००८ सुद्धा झालं होतं. ८ जानेवारी २००८ ला सेन्सेक्स २०,८७३ वर होता, ९ मार्च २००९ ला ८,१६० वर आला. जुन्या उंचीवर तो परतला २०१० च्या दिवाळीत, मुहूर्ताच्या व्यवहारात. म्हणजे जवळजवळ तीन वर्षं. आणि तिथंही टिकला नाही, २०११ मध्ये पुन्हा बराच खाली आला. या काळात दर महिन्याला घालणाऱ्याला तळातली स्वस्त युनिटं मिळाली हे खरं, पण ज्याला २००९ च्या मार्चमध्ये मुलीच्या लग्नासाठी पैसे काढावे लागले, त्याला ती स्वस्ताई काय कामाची? एकच घसरण निवडायची आणि ती लवकर भरून आलेलीच निवडायची, हा या धंद्यातला जुना हात आहे. दोन्ही सांगायला वेळ नसेल तर एकही सांगू नये. आम्ही एकही सांगितली नाही.

चित्रांचंही असंच झालं. संकलकानं पहिल्यांदा जे करून आणलं त्यात नाण्यांतून रोपटं उगवत होतं. रोपटं वाढतच गेलं, त्याला पानं फुटली, फांद्यांना नोटा लागल्या. झाड कधी अर्धं होत नाही, ही त्या चित्रातली खोड. त्याच्या जागी आलेखाची रेघ आली ती गुळगुळीत, डावीकडून उजवीकडे वर जाणारी. आठ टक्के दरसाल असं मुदत ठेवीचं वाढतं, शेअरचं नाही. तिसऱ्या वेळी खरे सहा ठिपके आले, पण उभ्या रेघेवरचे आकडे शून्याऐवजी ९ पासून सुरू केलेले, त्यामुळे १० चा ठिपका जमिनीला टेकलेला आणि वाढ आभाळाला भिडलेली. कुणी मुद्दाम करत नाही. सॉफ्टवेअर आपोआप तसं करतं आणि ते डोळ्याला छान दिसतं. व्हिडिओ तपासताना पहिल्यांदा आलेखाच्या उभ्या रेघेचा तळ बघावा, ही सवय मला तिथं लागली.

आवाजाचं गणित वेगळं. सावकाश, समजेल असं मराठी निवेदन मिनिटाला साधारण सव्वाशे शब्दांचं होतं. दीड मिनिटाला १८० ते १९० शब्द. त्यातून शेवटचा इशारा वजा करा, दोनचार ठिकाणी श्वास घ्यायला जागा सोडा, उरतात दीडशे. आणि निम्मे लोक व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज बंद ठेवून बघतात, बसमध्ये, बायको झोपलेली असताना. जे ऐकू येतं ते सगळं खाली अक्षरांत दिसायलाही हवं. म्हणजे एका वेळी पडद्यावर एकच आकडा. ४३५, ६,९६०, ९६०, सोळा टक्के हे सगळं एका चौकटीत दाखवलं की बघणारा फक्त शेवटचा हिरवा आकडा लक्षात ठेवतो.

आता तो इशारा. म्युच्युअल फंडाच्या प्रत्येक जाहिरातीच्या शेवटी येतो तो. एकेकाळी तो असा भरधाव वाचला जायचा की लोकांची त्यावर नकला करायची स्पर्धा लागायची. बाजाराच्या नियामकानं, म्हणजे सेबीनं, त्याला वेसण घातली. दृकश्राव्य जाहिरातीत इशारा अक्षरांत दिसला पाहिजे, आवाजातही स्पष्ट ऐकू आला पाहिजे, आणि इंग्रजीतल्या त्याच्या चौदा शब्दांना किमान पाच सेकंद मिळाले पाहिजेत. २००८ पूर्वी दोन सेकंद पुरायचे. इशाऱ्याचे शब्द कमीजास्त करता येत नाहीत. मराठीत तो साधारण असा येतो : म्युच्युअल फंडातील गुंतवणूक बाजारातील जोखमींच्या अधीन असते, योजनेसंबंधीची सर्व कागदपत्रे काळजीपूर्वक वाचा. पाच सेकंदांत हे म्हणून बघा. मला जीभ न अडखळता साडेसहा लागले आणि तेवढे मी दिले.

नियम पाळला गेला, पण त्यानं जोखीम सांगितली गेली का? 'अधीन' हा शब्द सांगलीच्या बाजारपेठेत कोण वापरतं? शिवाय इशारा येतो शेवटी, गोष्ट संपल्यावर, फोन खिशात जायच्या बेतात असताना. नियमानं आलेलं ते वाक्य आपल्याला बदलता येत नाही, पण त्याच्या आधीची चौऱ्याऐंशी सेकंदं आपली असतात. तोटा सांगायचा तो जिथं घडतो तिथंच, गोष्टीच्या मधोमध. माझ्या गोष्टीत ती जागा आयती होती. चौथा महिना. ताईंनी तोवर ४,००० भरलेत, युनिटं झालीत दोनशे साडेब्याण्णव, भाव १०. हातात २,९२५. हजाराच्या वर गेले. हा आकडा पडद्यावर आला की निवेदक दोन सेकंद गप्प बसतो, संगीतही थांबतं. वितरकाला ती शांतता लांबलचक वाटली. मी ती कापू दिली नाही. ज्याला पुढे कधीतरी खरंच २,९२५ दिसणार आहेत, त्याला ते दोन सेकंद आधी दिसलेले बरे.

मसुद्यातून काही शब्द गेले. 'हमखास', 'नक्की', 'सुरक्षित' हे तर नियमानंच चालत नाहीत. जाहिरातीत परताव्याची खात्री देता येत नाही आणि पूर्वीची कामगिरी दाखवली तर ती पुढे टिकेलच असं नाही हेही सांगावं लागतं. वितरकानं स्वतःला 'गुंतवणूक सल्लागार' लिहिलं होतं, तेही गेलं. सल्लागार म्हणून सेबीकडे वेगळी नोंद लागते. वितरकाला फंड कंपनीकडून कमिशन मिळतं आणि तो स्वतःला वितरकच म्हणवतो. मी त्याला सुचवलं की हे एका वाक्यात सांगून टाका. तो जरा अडखळला, मग म्हणाला, माझ्या ग्राहकांना ठाऊकच आहे. तरी शेवटच्या चौकटीत त्याच्या नोंदणी क्रमांकाखाली ते छापलं.

सर्वांत मोठी कापाकापी झाली ती बारा टक्क्यांची. मूळ मसुद्याच्या शेवटी एक गणकयंत्र होतं. महिना ५,०००, वीस वर्षं, बारा टक्के, आणि उत्तर जवळजवळ ५० लाख. भरलेले फक्त १२ लाख. असा आकडा पाहिल्यावर आधीची सगळी गोष्ट विसरली जाते. गणितात चूक नाही. पण बारा टक्के दरवर्षी न चुकता मिळतील हे त्या यंत्राला कुणी सांगितलं? तिथं आठ घातले तर उत्तर ३० लाखांच्या आत येतं. चार टक्क्यांच्या अंदाजात वीस लाखांचा फरक. आणि महागाई दरसाल सहा टक्के धरली तर वीस वर्षांनंतरच्या त्या ५० लाखांत आजच्या साडेपंधरा लाखांचंच सामान येईल. या तीन ओळी समजावून सांगायला दीड मिनिट पुरत नाही. म्हणून पन्नास लाखांनाही दीड मिनिटात जागा नाही. वितरकाशी माझं खरं भांडण झालं ते इथं. शेवटी त्यानं गणकयंत्र स्वतःच्या कार्यालयातल्या संगणकावर ठेवलं, समोर बसलेल्या माणसाशी बोलता बोलता दर बदलून दाखवायला. तिथं ते योग्य आहे.

एक गोष्ट व्हिडिओत बसली नाही याची मला हळहळ आहे, म्हणून इथं सांगतो. एसआयपीची सरासरी सुरुवातीला जोरदार काम करते आणि पुढे पुढे मवाळ होत जाते. ताईंच्या चौथ्या महिन्यात आलेली शंभर युनिटं एकूण युनिटांच्या चौथा हिस्सा होती, म्हणून त्यांनी सगळं चित्र बदललं. आता समजा कुणी पंधरा वर्षं महिन्याला ५,००० घातले आणि २० लाख जमले. बाजार तीस टक्के पडला, तर ६ लाख गेले. त्या महिन्याचा हप्ता मात्र ५,००० चाच. तो कितीही स्वस्त भावात पडला तरी ६ लाखांच्या खड्ड्यात मूठभर माती. म्हणून ज्या वर्षी पैसे लागणार त्याच्या दोनतीन वर्षं आधीपासून ते शेअरच्या फंडातून हळूहळू काढून कमी हलणाऱ्या जागी नेतात. जाणकार वितरक हे करतात. जाहिराती मात्र नेहमी पहिल्या हप्त्याबद्दल बोलतात, शेवटच्या हप्त्याबद्दल नाही.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी निवेदनाचा जो मजकूर ठरला, तो असा.

"या ताई दर महिन्याच्या पाच तारखेला एक हजार रुपये शेअरच्या म्युच्युअल फंडात घालतात. यालाच एसआयपी म्हणतात. हजार रुपये ठरलेले. भाव ठरलेला नाही. पहिल्या महिन्यात एका युनिटचा भाव वीस, मिळाली पन्नास युनिटं. मग भाव उतरत गेला. चौथ्या महिन्यात दहा झाला. हजारात शंभर युनिटं आली. पण त्या दिवशी ताईंनी हिशेब केला तेव्हा भरलेले होते चार हजार, आणि किंमत होती दोन हजार नऊशे पंचवीस."

इथं शांतता.

"पुढे भाव सोळावर आला. भरलेले सहा हजार, झाले सहा हजार नऊशे साठ. आता हेच सहा भाव उलट्या क्रमानं येऊ द्या. आधी चढ, मग उतार. पैसे तेवढेच, युनिटं तेवढीच. किंमत पाच हजार चारशे सदतीस. भाव उतरलेला असताना जास्त युनिटं घेणं एसआयपीला जमतं. विकायच्या दिवशी भाव काय असेल, हे तिला ठरवता येत नाही. एकदोन वर्षांत लागणार असलेले पैसे इथे घालू नका. आरडीत शेवटची रक्कम लिहून मिळते. इथे मिळत नाही."

त्यानंतर इशारा, साडेसहा सेकंद.

आरडी परत आली हे वाचकांच्या लक्षात आलं असेल. तुलना चुकीची नव्हती, जागा आणि टोक चुकीचं होतं. लोकांना माहीत असलेल्या गोष्टीपासूनच नवी गोष्ट सांगता येते, फक्त साम्य सांगून थांबलं की फसगत होते.

व्हिडिओ बाहेर सोडण्याआधी आम्ही तो आठ जणांना दाखवला. किराणा दुकानदार, दोन शिक्षक, एक रिक्षावाला, बँकेतून निवृत्त झालेले एक काका, वितरकाची आई आणि इतर दोघं. आवडला का, असं विचारलं नाही, त्याला सगळे हो म्हणतात. एकच प्रश्न विचारला : यात ताईंचे पैसे बुडू शकतात का? पहिल्या खर्ड्याला, म्हणजे फक्त ६,९६० असलेल्याला, मी मागे चारपाच जणांना हाच प्रश्न केला होता. तेव्हा सगळ्यांचं उत्तर होतं, "नाही, थांबलं की मिळतात." या वेळी सात जण म्हणाले, "हो, कधी काढता त्यावर आहे." आठवी वितरकाची आई. ती म्हणाली, "बुडत नाहीत, पण लग्नाच्या आधल्या महिन्यात काढायला जाऊ नये." तिचं 'बुडत नाहीत' दुरुस्त करावं का यावर आम्ही दोघं थोडा वेळ बोललो. शेअरचे फंड कायमचे रसातळाला जात नाहीत असं तिला म्हणायचं असावं, आणि चांगल्या पसरलेल्या फंडाच्या बाबतीत तसं आजवर झालेलं नाही हे खरं, पण आजवर झालं नाही हा काही करार नव्हे. शेवटी वितरकानं तिला कागदावर चौथ्या महिन्याचे २,९२५ लिहून दाखवले. ती आकड्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हे तू लोकांना दाखवणारेस?"

"दाखवलंय, आई. तू बघितलंस की आत्ता."

"मग मी गप्प का बसले तेव्हा?"

त्या दोन सेकंदांत संगीत पूर्ण थांबलं नव्हतं, मागे तंबोऱ्यासारखा एक सूर चालू राहिला होता. आम्ही तो काढला आणि २,९२५ चा आकडा आणखी एक सेकंद पडद्यावर ठेवला.